रात्री न्हायल्यावर: ओले केस, उशी आणि झोप

डोंबिवलीतल्या आमच्या पार्लरमध्ये खुर्चीत बसलेल्या बाईचे मानेवरचे केस वर उचलले की ती रात्री न्हाते की सकाळी, हे मला बऱ्याचदा विचारावं लागत नाही. रात्री न्हाऊन, ओल्या केसांचा अंबाडा घालून झोपायची सवय असेल तर मानेच्या वर बोटभर लांबीचे तुटके केस उभे असतात. त्यांना नवे उगवलेले केस समजून बायका खूश होतात. पण नव्या केसाचं टोक निमुळतं असतं. हे बोथट असतात, नाहीतर टोकाला फाटे फुटलेले.

"मग रात्री न्हाऊच नको का?" हा पुढचा प्रश्न. सकाळी सातच्या आत लोकल पकडायची, त्याआधी डबा करायचा, तिला पहाटे न्हा असं सांगण्यात काही अर्थ नाही. रात्री न्हायला हरकत नाही. ओल्या केसांनी झोपायला मात्र आहे, आणि ती हरकत नेमकी कुठे आहे ते कळलं तर रात्रीचं गणित बसवता येतं. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडून नुकत्याच रात्री न्हायला लागलेल्या मुलींसाठी हे लिहिते आहे. लांब केस ठेवणाऱ्या मुलांनाही यातलं सगळं तसंच लागू पडतं.

आजीचं काय बरोबर, काय चूक

"ओल्या डोक्यानं झोपू नकोस, पाणी मुरेल, सर्दी होईल." हे प्रत्येक घरात ऐकलेलं आहे. सर्दी विषाणूंमुळे होते, ओल्या केसांमुळे नाही. इंग्लंडमध्ये सॉल्सबरीजवळ १९४६पासून केवळ सर्दीचा अभ्यास करणारं एक केंद्र होतं. तिथे स्वखुशीने आलेल्या लोकांना अंघोळीनंतर ओल्या कपड्यांत गार वाऱ्याच्या झोतात उभं करून पाहिलं, तरी त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. डोक्याच्या कातडीतून पाणी आत मुरतं आणि कवटीत साचतं, असंही काही होत नाही. ओल्या डोक्यावर पंखा घेतल्यावर कुणाकुणाचं डोकं जड होतं किंवा मान आखडते. तसा त्रास होत असेल तर तेवढं टाळावं.

आणखी एक भीती म्हणजे केस मुळापासून गळतील. तसंही होत नाही. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, तिथवर उशीची ओल पोचत नाही. दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे कुणाच्याही बाबतीत चालायचंच. गळलेला केस आणि तुटलेला केस ओळखायला सोपे आहेत. उशीवरचा केस उचलून उजेडात धरा. एका टोकाला बारीकसा पांढरा कंद दिसला तर तो मुळापासून आपल्या वेळेला गळलेला. कंद नाही आणि लांबीही अर्धीमुर्धी, तर तो मधेच तुटलेला. ओल्या केसांनी झोपण्याचा हिशोब या दुसऱ्या ढिगात लागतो.

म्हणजे आजीचा नियम बरोबर होता, कारण तेवढं दुसरं होतं.

ओला केस कमजोर का असतो

केस केराटिन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांचा असतो. हे धागे एकमेकांना दोन तऱ्हेच्या बंधांनी धरून असतात. एक पक्के बंध, जे पाण्याने सुटत नाहीत. दुसरे हायड्रोजनचे हलके बंध, जे पाणी लागताच सुटतात आणि केस वाळताना पुन्हा जुळतात. ओली वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना लाटा येतात, त्या याच कारणाने: बंध ज्या आकारात वाळले त्याच आकारात जुळले.

चांगला भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी आत घेतो. त्याची जाडी १०-१५ टक्क्यांनी वाढते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्के. बाहेरून केसावर माशाच्या खवल्यांसारखं आवरण असतं. आतला भाग फुगला की हे खवले थोडे उचलले जातात आणि केस केसाला जास्त घासतो. शिवाय हलके बंध सुटलेले असल्याने ओला केस ताणला की वाढत जातो आणि कोरड्यापेक्षा कमी जोराने तुटतो.

आता हा फुगलेला, खवले उघडलेला केस सहा-सात तास डोक्याच्या वजनाखाली उशीवर घासतोय असं डोळ्यांसमोर आणा. झोपेत आपण कूस बदलतोच, आणि दर वेळी डोक्याखालचे केस ओढले जातात. त्यात रबरबँडने घट्ट बांधलेले असतील तर सगळा ताण एका कड्यात गोळा होतो. माझ्या खुर्चीतले ते बोटभर तुकडे त्या कड्याच्या आसपासचे असतात.

दुसरी गोष्ट केस किती वेळ ओला राहतो याची. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केसांच्या बटा तीस वेळा धुवून वेगवेगळ्या पद्धतीने वाळवल्या. १५ सेंटिमीटरवरून ड्रायर सतत हलवत ठेवला तेव्हा हवेचं तापमान ४७ अंश होतं. ५ सेंटिमीटरवर ते ९५ अंश झालं, आणि केसाचा पृष्ठभाग त्या कडक झोतानेच सगळ्यात जास्त खराब झाला. गंमत पुढे आहे. केसाच्या पेशींना जोडणारा आतला पातळ थर मात्र फक्त आपोआप वाळवलेल्या बटांमध्ये बिघडलेला दिसला. त्या वाळायला दोन तासांहून जास्त लागले होते, म्हणजे तितका वेळ त्या पाण्याने फुगून राहिल्या होत्या. प्रयोग लहान होता आणि डोक्यावरच्या नव्हे, कापलेल्या बटांवर होता, त्यामुळे त्याला वेदवाक्य मानू नका. तरी "ड्रायर वाईट, हवा चांगली" हे समीकरण माझ्या डोक्यातून त्यानंतर गेलं. अंबाड्यात बांधलेले ओले केस तर सकाळपर्यंतही आतून वाळत नाहीत.

रंगवलेले, ब्लीच केलेले किंवा स्ट्रेटनिंग केलेले केस पाणी भराभर पितात आणि जास्त फुगतात. त्यांना हे सगळं दुपटीने लागू.

कोंडा आणि ते पांढरे दाणे

केसांपेक्षा डोक्याच्या कातडीची तक्रार लवकर कळते. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि तिथल्या तेलकटपणावर जगते. ऊब आणि ओल मिळाली की तिचं फावतं. आधीच कोंडा असलेल्यांनी ओल्या डोक्याने झोपायची सवय लावून घेतली तर खाज आणि कोंडा वाढू शकतो. डोक्याला आंबूस वास येणं ही त्याची पहिली खूण. उशीतला कापूसही ओल धरतो, आणि पावसाळ्यात ऊन दाखवायची सोय नसते, तेव्हा उशीला कुबट वास लागतो. दमा किंवा ॲलर्जी असलेल्याला तो वेगळाच ताप.

एक दुर्मीळ पण ओळखता यावा असा प्रकार सांगते. ओले केस बांधून ठेवायची सवय असलेल्यांना कधीकधी केसाच्या काडीवर मऊ, पांढरट दाणे धरतात. बायका त्यांना लिखा समजतात आणि फणी फिरवत बसतात. लीख केसाला एका बाजूने घट्ट चिकटलेली असते, नखाने ओढली तरी सहज हलत नाही. हे दाणे केसाभोवती गुंडाळल्यासारखे असतात आणि दोन बोटांत धरून ओढले तर सुटून येतात. ही काडीवर वाढणारी बुरशी असते, उवांचं औषध तिला लागू पडत नाही. असं दिसलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं.

रात्री न्हायचं तर कसं

*न्हाण्याआधी.* गुंता कोरड्या केसांत काढायचा, ओल्यात नाही. टोकांपासून सुरुवात करून हळूहळू वर यायचं. मग केसांच्या लांबीला खोबरेल तेल लावायचं. खांद्याच्या खाली येणाऱ्या केसांना दोन छोटे चमचे पुरतात. अर्धा तास ठेवलं तरी चालतं. खोबरेल हे नुसतं चकाकी आणायला नाही. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातून जाणारं प्रथिन कमी करतं. २००३ मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली तेव्हा हा गुण फक्त खोबरेलात आढळला. संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते, हे लक्षात ठेवून वाचावं, पण माझ्या हाताचा अनुभव त्याच बाजूचा आहे. कोंडा असेल तर तेल टाळूला चोळू नका, फक्त लांबीला लावा. बुरशीला तेल म्हणजे जेवणच.

*न्हाताना.* शाम्पू किंवा शिकेकाई डोक्याच्या कातडीला. लांबीवरून ओघळणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर मात्र कानाच्या खालच्या भागाला लावायचा आणि तो केसांत असतानाच बोटांनी किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने उरलेला गुंता सोडवायचा. त्या वेळी केस निसरडे असतात, कमी घासतात. नंतर, कोरडे होईपर्यंत, कंगवा हातात घ्यायचा नाही.

*पुसताना.* इथे आपल्याकडची एक सवय मोडायला हवी. केस पुढे घेऊन टॉवेलने सटासट झाडायचे, पाण्याचे तुषार उडवायचे. बघायला छान वाटतं, पण ओल्या केसाला त्याहून वाईट वागणूक नाही. जाड टर्किश टॉवेलने खसाखसा चोळणंही तसंच. जुना सुती पंचा घ्या, धुऊन धुऊन मऊ झालेला. आईची जुनी सुती साडी फाडून केलेला तुकडाही उत्तम. केसांचे दोन-तीन भाग करून प्रत्येक भाग पंच्यात धरायचा आणि वरून खाली दाबत यायचं, पिळायचं नाही. मग दुसरा कोरडा पंचा डोक्याला १०-१५ मिनिटं गुंडाळायचा. तासभर ठेवला तर पंचा ओला होऊन बसतो आणि डोकं त्याच ओलीत राहतं.

हीच पायरी सगळ्यात जास्त वेळ वाचवते आणि हिचाच सगळे कंटाळा करतात. मी एकदा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पंचे मोजून पाहिले. पाठीच्या मध्यापर्यंतच्या माझ्या केसांतून दोन पंच्यांनी मिळून जवळजवळ ९० ग्रॅम पाणी ओढलं होतं. एवढं पाणी पंख्याखाली हवेत उडायला किती वेळ लागेल याचा अंदाज जुलैतल्या दोरीवरच्या कपड्यांकडे पाहून करा.

*वाळवताना.* केस मोकळे सोडून पंख्याखाली बसा आणि मधूनमधून बोटांनी मुळाजवळचे केस उचलून हवा खेळू द्या. टोकं आपोआप वाळतात. मानेजवळचा आणि कानामागचा भाग शेवटपर्यंत ओला राहतो. ड्रायर असेल तर केस ओलेगच्च असताना लावू नका. पाणी ठिबकायचं थांबलं, केस दमट झाले, की मग. अंतर वीतभर, उष्णता मधली, झोत मुळाकडून टोकाकडे आणि हात सतत हलता. झोत आपल्या हातावर सोसवत नसेल तर केसालाही सोसत नाही. ओल्या केसांवर इस्त्री, म्हणजे स्ट्रेटनर, कधीच नाही. केसातल्या पाण्याची आतल्या आत वाफ होते आणि काडीत बुडबुडे धरतात. केस तिथेच मोडतो. चर्र असा आवाज आला म्हणजे हेच चाललंय.

*वाळले का, हे कसं कळणार?* बोटांना ओल नीट कळत नाही. मानेजवळची एक बट घेऊन गालाला किंवा वरच्या ओठाला लावा. गार लागली तर अजून पाणी आहे. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं म्हणून ती गार लागते. वेणीच्या मधोमध येणारे केसही असेच तपासा.

*झोपताना.* कोरड्या केसांची सैल वेणी, टोकाला कापडी रबर. आपण शाळेत घालायचो तशी कानाला ताण देणारी नको. सॅटिनचा किंवा रेशमी अभ्रा घेतला तर घर्षण कमी होतं, कुरळ्या आणि रंगवलेल्या केसांना विशेष फायदा. महाग घ्यायची गरज नाही, जुन्या सॅटिनच्या परकराचा शिवला तरी तेच काम करतो. अभ्रा आठवड्याला बदला.

एका ताईचं वेळापत्रक

एक बँकेतल्या ताई गेल्या पावसाळ्यात आल्या होत्या. कंबरेच्या जरा वर येणारे दाट केस, आठवड्यातून तीनदा रात्री साडेदहाला न्हायच्या, टॉवेल गुंडाळायच्या, अकराला ओला अंबाडा घालून झोपायच्या. तक्रार होती केस विरळ झाल्याची. उशीवरचे केस एका कागदी पिशवीत आठवडाभर जमवून आणायला सांगितले. निम्म्याहून अधिक केसांना कंद नव्हता, म्हणजे गळती नेहमीइतकीच होती आणि बाकीची सगळी मोड. मानेवर तुटके केस, टाळूवर कोंडा, डोक्याला आंबूस वास.

आम्ही दोनच गोष्टी हलवल्या: दिवस आणि तास. तीनऐवजी दोन वेळा, बुधवारी आणि रविवारी. रविवारी सकाळीच न्हायचं, त्यामुळे प्रश्न उरला फक्त बुधवारचा. त्या सव्वासातला घरी पोचायच्या. आल्या आल्या केसांना तेल, मग कुकर लावायचा. पावणेआठला न्हायचं, जेवणानंतर नाही. आठ वाजता पंचा, सव्वाआठला केस मोकळे सोडून पंख्याखाली बसून जेवण. सव्वानऊपर्यंत टोकं कोरडी, मुळं दमट. तेव्हा सात-आठ मिनिटं ड्रायर, तोही फक्त मुळांना आणि मानेला. साडेनऊला गालाची परीक्षा. अकराला झोपेपर्यंत हातात दीड तास, कारण पावसाळ्यात अंदाज चुकतोच.

कोंड्यासाठी त्यांना डॉक्टरांनी किटोकोनॅझोलचा शाम्पू दिला. तो लावून पाच मिनिटं ठेवायचा असतो. त्या लगेच धुवून टाकत होत्या, आणि मग "औषध लागू पडत नाही" म्हणत होत्या. आंबूस वास दोन आठवड्यांत गेला. मानेवरचे तुकडे मात्र लगेच दिसायचे थांबत नाहीत. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे ते वेणीत मिसळायला वर्ष जातं. तुटलेलं टोक कुठल्याही तेलाने सांधत नाही. त्यांच्या केसांची टोकं चार वर्षांपूर्वीची होती, फाटे फुटलेला दोन इंचांचा भाग कापायला लावला. त्यावर थोडी नाराजी झाली, पण कापला.

तरीही ओलेच राहिले तर

वीज गेली, पाहुणे आले, पावसात भिजून रात्री दहाला घरी पोचलात. असं होणारच, आणि महिन्यातून एखाद्या रात्रीने केसांचं काही बिघडत नाही. त्या रात्री केस बांधू नका. उशीवर कोरडा पंचा दुहेरी घालून पसरा, पाठीवर आडवं व्हा आणि केस उशीच्या वरच्या कडेवरून मागे सोडा, म्हणजे ते डोक्याखाली येणार नाहीत. फारच लांब असतील, गळ्याशी गुंडाळत असतील, तर अगदी सैल, दोनच पेडांची वेणी टोकाला न बांधता. पावसात भिजलेले केस साध्या पाण्याने धुवून मग पुसा, रस्त्यावरचं पाणी डोक्यावर ठेवून झोपू नका.

सकाळी उठल्यावर कंगवा घ्यायच्या आधी मानेजवळची बट गालाला लावून पाहा. गार लागली तर पाच मिनिटं ड्रायर, मगच कंगवा. आणि तो पंचा दोरीवर टाका, उशीवर तसाच राहू देऊ नका.